सीआयएसएसपीचा खर्च कसा मांडावा: परीक्षा फीपासून तिसऱ्या वर्षाच्या वर्गणीपर्यंत

सायबर सुरक्षेत दोन-चार वर्षं काढली की सीआयएसएसपी या प्रमाणपत्राचं नाव कानावर येतंच. चौकशी केली की पहिला आकडा कळतो तो ७४९ डॉलर. हे प्रमाणपत्र देणारी आयएससी२ ही संस्था डॉलरमध्ये दर लावते त्या भागांत ही परीक्षेची फी आहे. युरोप आणि ब्रिटनमध्ये युरो-पौंडाचे वेगळे दर आहेत. बरेच जण हा आकडा डोक्यात धरून पैसे साठवायला लागतात आणि पास झाल्यावर आलेलं दुसरं बिल पाहून चक्रावतात. ७४९ हे फक्त परीक्षेला बसण्याचे पैसे आहेत. नावापुढे ती अक्षरं लावायची आणि लावत राहायची, तर हिशेब किमान तीन वर्षांचा मांडावा लागतो. तो कसा मांडायचा आणि पैसे कुठे गळतात, ते इथे क्रमाने पाहू.

खालच्या रकमा डॉलरमध्येच ठेवल्या आहेत. फी दर काही वर्षांनी वाढते, म्हणून पैसे भरायच्या आठवड्यात आयएससी२च्या संकेतस्थळावर चालू दर एकदा पाहा आणि आपल्या मांडणीत तोच आकडा घाला. मांडणी तशीच राहते, आकडे तेवढे बदलतात.

पहिली पायरी: आधी अनुभव मोजा, मग पैसे

पैशांच्या लेखात अनुभवाचं काय काम, असं वाटेल. पण पास झाल्यावर तुम्हाला कोणतं बिल येणार हे अनुभवावरच ठरतं.

सीआयएसएसपीसाठी अभ्यासक्रमाच्या आठ विषयक्षेत्रांपैकी किमान दोन क्षेत्रांत मिळून पाच वर्षांचा पगारी, पूर्णवेळ अनुभव लागतो. संबंधित पदवी किंवा संस्थेच्या यादीतलं एखादं दुसरं प्रमाणपत्र असेल तर त्यातलं एक वर्ष माफ होतं. दोन्ही असली तरी माफी एकाच वर्षाची; पदवीचं एक आणि प्रमाणपत्राचं एक अशी बेरीज होत नाही. अर्धवेळ काम आणि इंटर्नशिपही धरतात, मात्र तासांच्या हिशेबाने: २,०८० तास म्हणजे पूर्णवेळाचं एक वर्ष.

परीक्षेला बसायला मात्र अनुभवाची अट नाही. कमी अनुभव असलेला माणूस पास झाला तर त्याला सीआयएसएसपी म्हणवून घेता येत नाही, तो आयएससी२चा ‘असोसिएट’ होतो आणि उरलेला अनुभव पुरा करायला त्याला सहा वर्षं मिळतात. असोसिएटची वार्षिक फी ५० डॉलर, पूर्ण सदस्याची १३५ डॉलर. म्हणजे अनुभव कमी असणं सुरुवातीला स्वस्त पडतं, पण त्या काळात बायोडेटावर ती पाच अक्षरं लिहिता येत नाहीत. पगारवाढ मिळेल या भरवशावर पैसे गुंतवत असाल तर ती वाढ कधीपासून मिळू शकते, हे आधी तपासा. कंपनीला पूर्ण प्रमाणपत्रच हवं असेल तर असोसिएटच्या काळात फक्त खर्च होतो, मिळकत काही नाही.

तेव्हा पहिल्या दिवशी एक कागद घ्या. नोकरी, पद, कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत, काम कोणत्या क्षेत्रातलं, आणि याला दुजोरा कोण देईल, असे रकाने आखा. शेवटचा रकाना रिकामा राहिला तर त्या महिन्यांवर फार विसंबू नका. कंपनी बंद पडलेली असते, साहेब कुठे गेला माहीत नसतं, आणि अर्जाच्या वेळी हीच शोधाशोध लांबते.

दुसरी पायरी: परीक्षेच्या दिवसापर्यंतचा खर्च

यात तीन गोष्टी येतात: परीक्षा फी, अभ्यासाचं साहित्य, आणि पैसे भरताना बँक कापते ती रक्कम.

परीक्षा फी ७४९. परीक्षा पिअर्सन व्ह्यू या परीक्षा घेणाऱ्या कंपनीच्या केंद्रावर जाऊनच द्यावी लागते. घरून देता येत नाही. जवळच्या शहरात केंद्र नसेल तर प्रवास आणि एक रात्र मुक्काम हाही खर्च धरा. तीन तासांची परीक्षा सकाळी लवकर असेल तर रात्रभर प्रवास करून तिथे पोचणं ही काटकसर महागात पडते.

साहित्यावर लोक सर्वांत जास्त उधळतात. अभ्यासाला लागतं ते साधारण एवढंच: एक अधिकृत पुस्तक, एक चांगला प्रश्नसंच, आणि अभ्यासक्रमाची रूपरेषा, जी संस्थेच्या साइटवर फुकट मिळते. यासाठी १५० डॉलर धरले तर पुरतात. हा आमचा अंदाज आहे, संस्थेचा दर नव्हे. पाच दिवसांचे वर्ग परीक्षेच्या फीच्या कित्येक पट असतात. कंपनी पैसे देत असेल तर खुशाल जा. स्वतःच्या खिशातून भरत असाल तर ते पैसे पुन्हा परीक्षा देण्यासाठी बाजूला ठेवलेले बरे.

पुस्तक घेताना एक गोष्ट बघा. अभ्यासक्रमाची रूपरेषा ठरावीक काळाने बदलते; अलीकडचा बदल १५ एप्रिल २०२४ पासून लागू झाला. जुन्या आवृत्तीचं पुस्तक अर्ध्या किमतीत मिळतं ते याच कारणाने. विषय फारसे बदलत नाहीत, पण प्रश्नसंच जुना घेऊ नका. परीक्षेचं स्वरूप आता असं आहे की तुमच्या उत्तरांप्रमाणे पुढच्या प्रश्नाची काठिण्यपातळी बदलते, प्रश्न १०० ते १५० च्या दरम्यान कुठेही संपतात आणि दिलेलं उत्तर मागे जाऊन बदलता येत नाही. जुने संच ‘२५० प्रश्न, सहा तास’ या हिशेबाचे असतात, त्यावर सराव करून वेळेचा अंदाज चुकतो.

तिसरी गोष्ट बँकेची. परकीय चलनात कार्डाने पैसे भरले की बँक विनिमय दरावर आपला अधिभार लावते, शिवाय काही देशांत परीक्षा फीवर कर लागतो. नक्की किती, ते तुमच्या कार्डावर आणि देशावर आहे. आम्ही मांडणीत सरसकट ५ टक्के धरतो. कर वेगळा लागत असेल तर त्याची ओळ वेगळी करा. पैसे भरण्याच्या शेवटच्या पडद्यावर कर धरून एकूण रक्कम दिसते, तोवर व्यवहार पक्का झालेला नसतो. तो पडदा एकदा बघून परत फिरा आणि तोच आकडा बजेटात लिहा.

तिसरी पायरी: नापास झालो तर

या रकान्यात बहुतेकांचं शून्य असतं, आणि बजेट कोसळतं ते इथेच.

सीआयएसएसपीला पुन्हा बसायला सवलत नाही. दुसऱ्यांदा बसायचे पूर्ण ७४९, तिसऱ्यांदाही ७४९. संस्था अधूनमधून दोन प्रयत्नांचं एकत्र पॅकेज विकते; ते चालू असेल तर त्याची किंमत आणि दुसरा प्रयत्न कोणत्या तारखेपर्यंत द्यायचा हे वाचून घ्या, पण ते मिळेलच असं धरून बजेट करू नका.

पैशांइतकीच वेळेचीही अट आहे. पहिल्यांदा नापास झाल्यावर ३० दिवस थांबावं लागतं, दुसऱ्यांदा ६० दिवस, तिसऱ्यांदा ९० दिवस, आणि बारा महिन्यांत जास्तीत जास्त चार वेळा बसता येतं. चारही वेळा बसायची वेळ आली तर नुसती परीक्षा फी २,९९६ डॉलर होते आणि मधल्या सक्तीच्या थांब्यांतच १८० दिवस जातात. एवढ्यापर्यंत सहसा कुणी जात नाही, पण दुसरा प्रयत्न मुळीच दुर्मीळ नाही.

मग राखीव किती ठेवायची? पास होण्याची शक्यता ७० टक्के वाटते म्हणून फीच्या ३० टक्के, म्हणजे सव्वादोनशे डॉलर बाजूला ठेवले, असा हिशेब काही जण करतात. शंभर माणसांचं बजेट करणाऱ्या कंपनीला तो चालतो. एकट्या माणसाला नाही, कारण नापास झालात तर तीस टक्के फी भरून बसता येत नाही. सगळीच भरावी लागते. म्हणून राखीव म्हणजे पूर्ण एक प्रयत्न. दुसऱ्या प्रयत्नाचे पैसे हाताशी नसतील तर पहिल्याची तारीखच घेऊ नका. नापास झाल्यावर अभ्यास ताजा असतो. पैसे नाहीत म्हणून सहा महिने गेले की तो शिळा होतो, आणि मग पुस्तकं पुन्हा पहिल्या पानापासून उघडावी लागतात.

नापास झाल्यावर केंद्रावर जो कागद मिळतो तो जपून ठेवा. कोणत्या क्षेत्रात तुम्ही पातळीच्या खाली, जवळ किंवा वर होतात ते त्यावर क्षेत्रनिहाय दिलेलं असतं. खाली असलेली क्षेत्रं दोन-तीनच असतील तर तीस दिवसांनंतरची पहिली तारीख बघायला हरकत नाही. पाच-सहा असतील तर महिनाभरात ७४९ पुन्हा लावणं म्हणजे नुसता जुगार. पास झालेल्यांना मात्र गुण कळत नाहीत, तेव्हा ‘काठावर पास झालो का’ या चिंतेला काही उत्तर नाही.

तारीख, नाव आणि ओळखपत्र: इथे पैसे सर्वांत स्वस्तात जातात

तारीख बदलायची असेल तर ५० डॉलर, परीक्षा रद्द करायची तर १०० डॉलर. हे ऑनलाइन करायचं असेल तर परीक्षेच्या किमान ४८ तास आधी, फोनवर करायचं असेल तर किमान २४ तास आधी. त्यानंतर किंवा न कळवता गैरहजर राहिलात तर पूर्ण फी बुडते. पन्नास वाचवण्यासाठी ‘बघू, जमेल’ म्हणत शेवटच्या दिवसापर्यंत ताणणारे सातशे एकोणपन्नास घालवतात. चार दिवस आधी ताप भरला की लगेच तारीख बदलावी.

दुसरी गळती नावाची. नोंदणी करताना लिहिलेलं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव जसंच्या तसं जुळायला हवं. पासपोर्टवर मधलं नाव आहे आणि खात्यात नाही, किंवा आडनावाच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर इकडचं तिकडे आहे, एवढ्यावरून केंद्रावर अडवलं जातं, आणि परत पाठवलं तर फी गेली म्हणून समजा. दोन ओळखपत्रं लागतात: एक फोटो आणि सही असलेलं, दुसरं किमान सही असलेलं. सरकारी फोटो-ओळखपत्र असलं तरी त्यावर सही नसेल तर मुख्य ओळखपत्र म्हणून त्यावर विसंबू नका. खातं उघडताना पासपोर्ट समोर ठेवून, त्यात बघून नाव टाइप करा. पिअर्सन व्ह्यूकडून पक्की नोंद झाल्याची मेल येते तेव्हा त्यातलं नाव पुन्हा एकदा अक्षर-अक्षर ताडून बघा. चूक दिसली तर त्या दिवशी दुरुस्त होते. परीक्षेच्या सकाळी होत नाही.

बाहेर कुणीतरी स्वस्तात विकत असलेल्या व्हाउचरच्या नादी लागू नका. व्हाउचरला मुदत असते, ती संपली की तो नुसता कोड उरतो, आणि भलतीकडून घेतलेला कोड संस्थेने रद्द केला तर दाद कुणाकडे मागणार?

चौथी पायरी: पास झाल्यानंतरचं बिल

पडद्यावर किंवा कागदावर पास दिसलं म्हणजे प्रमाणपत्र मिळालं असं नाही. त्या दिवसापासून नऊ महिन्यांच्या आत अनुभवाची माहिती भरून, एखाद्या चालू सदस्याकडून तिला दुजोरा घेऊन अर्ज करावा लागतो. ओळखीचा सदस्य नसेल तर संस्था स्वतः पडताळणी करते. या दुजोऱ्याला फी नाही. कुणी ‘सही करून देतो’ म्हणून पैसे मागितले तर सरळ दुसरा माणूस बघा. नऊ महिने भरपूर वाटतात. पण जुन्या कंपनीकडून अनुभवपत्र मिळवण्यात त्यातले तीन कधी सरतात ते कळत नाही, आणि मुदत उलटली तर परीक्षाच पुन्हा द्यावी लागू शकते.

अर्ज मंजूर झाला की पहिली वार्षिक देखभाल फी मागितली जाते. सगळे तिला एएमएफ म्हणतात. सध्या ती १३५ डॉलर आहे आणि ती भरल्याशिवाय प्रमाणपत्र मिळत नाही. इथे सदस्यत्व ऐच्छिक नाही. प्रमाणपत्र आणि सदस्यत्व एकच आहे, वर्गणी थांबली की दोन्ही जातात. ही फी पुढे दर वर्षी त्याच सुमाराला येते, म्हणून तीन वर्षांत ती तीनदा भरावी लागते: ४०५ डॉलर.

ही फी कशी वाढत गेली तेही माहीत असावं. २०१९ च्या जुलैत ती ८५ वरून १२५ झाली आणि २०२४ च्या जुलैत १२५ वरून १३५. पुढच्या सहा-सात वर्षांचा विचार करत असाल तर एखादी वाढ गृहीत धरा. एक बरं आहे: आयएससी२ची दोन-तीन प्रमाणपत्रं असली तरी वर्गणी एकच लागते. १३५ सहा वेळा भरले की ८१० होतात, म्हणजे सहाव्या हप्त्याला वर्गणीची बेरीज परीक्षेच्या फीच्या पुढे जाते. परीक्षा महाग म्हणून सगळे बोलतात, वर्गणीकडे लक्ष कुणाचं नसतं.

पाचवी पायरी: नूतनीकरणाचे न दिसणारे पैसे

दर तीन वर्षांनी परीक्षा द्यावी लागत नाही, पण त्या तीन वर्षांत सीपीई, म्हणजे पुढे शिकत राहण्याचे, १२० गुण जमवावे लागतात. साधारण एक तासाचं शिक्षण म्हणजे एक गुण. त्यातले किमान ९० सुरक्षेच्या विषयांशी थेट संबंधित हवेत, उरलेले ३० व्यवस्थापन, सादरीकरण अशा सर्वसाधारण व्यावसायिक कौशल्यांचे चालतात. वर्षाला चाळीस म्हणजे महिन्याला तीन-साडेतीन तास. असोसिएटला वर्षाला १५ पुरतात.

गुण भरायला फी लागत नाही. पैसे जातात ते गुण जमवण्यात, आणि तेही शेवटी धांदल उडाल्यामुळे. पहिली दोन वर्षं काहीच न केलेला माणूस तिसऱ्या वर्षी महागडी परिषद किंवा सशुल्क वर्ग शोधतो, कारण तिथे एका फटक्यात वीस-तीस तास मिळतात. सदस्यांना संस्थेची वेबिनारं फुकट आहेत, स्थानिक शाखांच्या सभांनाही गुण मिळतात. महिन्याला तीन वेबिनारं ऐकली तर वर्षाला छत्तीस गुण होतात आणि खिशाला चाट बसत नाही. बजेटात सीपीईसमोर शून्य डॉलर आणि वर्षाला चाळीस तास असं लिहा. हे तास कामाच्या वेळेत मिळणार की रविवारी, ते आधीच ठरवलेलं बरं.

पुरावा ज्या दिवशी मिळेल त्याच दिवशी एका फोल्डरमध्ये टाका: तारीख, विषय, तास, हजेरीचा मेल किंवा प्रमाणपत्राची प्रत. संस्था अधूनमधून कुणाच्याही नोंदी तपासायला मागवते. फाइलचं नावच `2025-03-14_webinar_1h.pdf` असं ठेवलं की शोधायला वेळ लागत नाही. तीन वर्षांचं चक्र संपल्यावरही हे पुरावे आणखी वर्षभर पुसू नका.

एक उदाहरण पूर्ण मांडून

समजा उमेदवाराकडे संबंधित पदवी आणि नेटवर्क सुरक्षेचा तीन वर्षांचा अनुभव आहे. पदवीमुळे एक वर्ष माफ, म्हणजे चार वर्षं जमेस. एक कमी पडतं. परीक्षा आठ महिन्यांनी द्यायची ठरली. पास झाल्यावर सोपेपणासाठी बरोबर एक वर्ष असोसिएट आणि मग पूर्ण सदस्य, असं धरू.

| बाब | डॉलर |
|---|---|
| परीक्षा फी | ७४९ |
| पुस्तक व प्रश्नसंच (अंदाज) | १५० |
| असोसिएट, पहिलं वर्ष | ५० |
| एएमएफ, दुसरं व तिसरं वर्ष | २७० |
| संस्थेला जाणाऱ्या १,०६९ वर बँकेचे ५ टक्के | ५३ |
| पक्का खर्च | १,२७२ |
| राखीव: दुसरा प्रयत्न ७४९ + तारीख बदल ५० + ५ टक्के | ८३९ |

एकूण २,१११. हा आकडा ७४९ च्या जवळजवळ तिप्पट आहे, पण तो एकदम लागत नाही. परीक्षेची नोंदणी करण्याच्या दिवशी हातात हवेत ते परीक्षेचे बँकेसह ७८६, साहित्याचे १५० आणि राखीव ८३९, मिळून १,७७५. आठ महिन्यांत म्हणजे महिन्याला २२२ डॉलर. हे जड जात असेल तर राखीव रक्कम कमी करू नका, परीक्षा चार महिने पुढे ढकला. बारा महिन्यांत विभागलं की हप्ता १४८ वर येतो, आणि अभ्यासालाही वेळ मिळतो.

पहिल्याच प्रयत्नात पास झालात आणि तारीखही बदलावी लागली नाही, तर ८३९ तशीच राहते. ती उडवू नका. असोसिएटचे ५० आणि त्यानंतरच्या पाच एएमएफ मिळून ७२५, बँक धरून ७६१. म्हणजे राखीव रकमेतच पुढच्या सहा वर्षांची वर्गणी भागते आणि वर ७८ उरतात, जे फी वाढली तर उपयोगी पडतील.

नापास झालात तर राखीव त्यात जाईल, आणि पुढची वर्गणी दर महिन्याच्या खर्चातून काढावी लागेल. १३५ ला बाराने भागलं की सव्वाअकरा येतात. बँक धरून महिन्याला १२ बाजूला टाकत गेलात की वर्षाच्या शेवटी बिल टोचत नाही.

कंपनी पैसे देणार असेल तर

‘कंपनी परत देते’ हे वाक्य ऐकून राखीव रक्कम सोडून देऊ नका. परतफेड बहुधा पास झाल्यावरच मिळते, नापास प्रयत्नाचे पैसे तुमचेच जातात. मनुष्यबळ विभागाला लेखी विचारायचे प्रश्न चारच: नापास प्रयत्नाचे पैसे मिळतात का, एएमएफ दर वर्षी देता की फक्त पहिली, बँकेचा अधिभार आणि कर धरता का, आणि पैसे घेतल्यावर किती महिने नोकरी सोडता येत नाही. शेवटच्याचं उत्तर ‘दोन वर्षं’ असेल तर मध्येच नोकरी बदलल्यास किती परत करावे लागतील तो आकडा बजेटच्या कागदावर लिहून ठेवा. पावती स्वतःच्या नावावर आणि ज्या चलनात पैसे गेले त्या कार्डाच्या विवरणासह जपा. अडतं ते बहुतेक वेळा या दुसऱ्या कागदावर.

सदस्यत्व ऐच्छिक असेल तिथे

सीआयएसएसपीबरोबर पुष्कळ जण आयसाका या दुसऱ्या संस्थेच्या सीआयएसए या माहिती-प्रणालींच्या लेखापरीक्षणाच्या प्रमाणपत्राचाही विचार करतात. तिथला हिशेब वेगळा आहे, कारण सदस्य व्हायचं की नाही हे तुम्ही ठरवता. परीक्षा सदस्याला ५७५, इतरांना ७६०. फरक १८५ चा. सदस्यत्व वर्षाला १४५ आणि नव्या सदस्याला आणखी १०, शिवाय स्थानिक शाखेची वर्गणी, जी शाखेगणिक बदलते. शाखेचा आकडा ३० च्या आत असेल तर परीक्षेच्या वर्षी सदस्य होण्यात थोडी बचत आहे. पुन्हा बसावं लागलं तर दुसऱ्या प्रयत्नातही १८५ वाचतात, म्हणजे फायदा आणखी वाढतो.

दुसऱ्या वर्षी मात्र चित्र उलटं होतं. प्रमाणपत्राची वार्षिक देखभाल फी सदस्याला ४५ आणि इतरांना ८५ आहे. म्हणजे ४० वाचवण्यासाठी १४५ भरायचे. सभा, साहित्य, ओळखी यांसाठी हवं असेल तर जरूर भरा, पण पैसे वाचतात म्हणून भरत असाल तर वाचत नाहीत. स्वयंचलित नूतनीकरण चालू असेल तर ते आपोआप कापलं जाईल, म्हणून परीक्षा झाली की खात्यात जाऊन ती खूण बघा. आणि पास झाल्यावर प्रमाणपत्रासाठीच्या अर्जाचे ५० डॉलर वेगळे लागतात. परीक्षा फीच्या पानावर ते सहज नजरेत येत नाहीत.

दोन्ही प्रमाणपत्रं ठेवायची तर दोन संस्थांच्या दोन वर्गण्या: १३५ आणि ८५, वर्षाला २२०. शिक्षणाचे तास मात्र दोन्हीकडे लावता येतात, कारण एकाच वेबिनारची नोंद दोन्ही खात्यांत करायला बंदी नाही. विषय दोघांच्याही चौकटीत बसला पाहिजे एवढंच.

वर्गणीच्या महिन्याआधी एकदा

एएमएफच्या तारखेच्या साधारण दोन महिने आधीची आठवण फोनमध्ये लावा. त्या दिवशी तीन गोष्टी तपासा: खात्यातला मेलचा पत्ता अजून चालू आहे का, कारण नोकरी सोडल्यावर कंपनीच्या पत्त्यावर गेलेली स्मरणपत्रं तुम्हाला दिसत नाहीत; नोंदवलेले सीपीई किती झाले; आणि कार्डाची मुदत संपलेली तर नाही ना. प्रमाणपत्र आता कामाचं राहिलं नाही असं वाटत असेल तर निर्णयही त्याच दिवशी घ्या. वर्गणी न भरता नुसतं सोडून दिलं आणि ते संपुष्टात आलं, तर पुन्हा मिळवण्याचा रस्ता परीक्षेतूनच जातो, आणि त्या दिवशी परीक्षेची जी काही फी असेल ती सगळी भरावी लागते.